पहिल्या दिवशी ऐकलेला नियम विसाव्या दिवशी आठवावा म्हणून

नोकरीचा पहिला दिवस कागदपत्रांत जातो. बँक खात्याचा तपशील, पीएफचा फॉर्म, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, ओळखपत्रासाठी फोटो, संगणकाचा पासवर्ड. या धांदलीत कधीतरी नव्या मुलामुलींना एका खोलीत बसवून रजा आणि वर्तणुकीच्या नियमांचा व्हिडिओ दाखवतात. तो संपला की एका कागदावर सही घेतात: धोरण पाहिले, समजले, मान्य आहे. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्याच एखाद्याला पहाटे ताप भरतो. तो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज येत नाही’ एवढं टाकून पुन्हा झोपतो. महिनाअखेर पगारातून एक दिवस कापलेला दिसला की तो एचआरच्या टेबलाशी येऊन विचारतो, “मी कळवलं होतं ना?”

सही त्याची असते आणि नियम व्हिडिओत सांगितलेलाही असतो. तरीही दोष त्या मुलाचा नाही, असं मी अशा संहिता लिहायला लागल्यापासून मानत आले आहे. दोष बहुतेक वेळा संहितेत असतो, आणि तो नेमका कुठे असतो हे बोट ठेवून दाखवता येतं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बॅक-ऑफिस कंपनीचं उदाहरण घेते. काम तीन शिफ्टमध्ये चालतं. कर्मचाऱ्यांत पहिलीच नोकरी असलेली मुलंमुली जास्त, कुणी कल्याण-बदलापूरची, कुणी थेट कोकणातून आलेली. त्यांच्यासाठीचा व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. पडद्यावर नियमावलीची पानं सरकत होती आणि मागून एक आवाज तीच पानं वाचत होता. अचानक गैरहजर राहण्याबद्दलचं त्यातलं वाक्य असं होतं: “अनपेक्षित अनुपस्थितीच्या प्रसंगी कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठांस मान्यताप्राप्त माध्यमाद्वारे शक्य तितक्या लवकर अवगत करणे बंधनकारक असून, तसे न केल्यास सदर अनुपस्थिती विनावेतन गणण्यात येईल.”

हे वाक्य नियमावलीत शोभतं. उद्या वाद झाला तर कंपनीची बाजू टिकावी, हे त्याचं काम आहे आणि ते काम ते नीट करतं. पण पहाटे ताप आलेल्या मुलाला त्यातून काय मिळतं? मान्यताप्राप्त माध्यम म्हणजे फोन, मेल की ग्रुप? लवकर म्हणजे किती वाजेपर्यंत? वरिष्ठ म्हणजे टीम लीडर की मॅनेजर? ज्या तीन गोष्टी त्या क्षणी हव्या, त्या तिन्ही वाक्यात नाहीत. जी एक गोष्ट ठसठशीत आहे ती म्हणजे पगार कापला जाईल ही. म्हणून व्हिडिओ पाहून बाहेर पडलेल्या मुलांच्या मनात धाक राहतो आणि कृती राहत नाही.

अशा वेळी भाषा सोपी करायला घेण्याचा मोह होतो. मी त्याआधी एचआरचा पेटीभर पत्रव्यवहार मागून घेते. नव्या लोकांनी पहिल्या तीन महिन्यांत विचारलेले प्रश्न, पगारात नंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्या, दिलेल्या ताकिदी. त्यातून एक गोष्ट लगेच दिसते. व्हिडिओ ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलतो आणि माणसं जिथे सर्वांत जास्त अडतात, त्या दोन जागा वेगळ्या असतात. या व्हिडिओत भरपगारी रजा साठवण्यावर जवळजवळ दोन मिनिटं खर्च झाली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. माहिती बरोबर आहे. पण २४० दिवसांचे होतात बारा दिवस. एकही रजा न घेता ४५ पर्यंत पोचायला जवळपास चार वर्षं लागतील. काल रुजू झालेल्या मुलीला हे आज डोक्यात ठेवण्याची गरज नाही. तो आकडा कुठे सापडेल एवढं तिला माहीत असलं की पुरे.

म्हणून नियमांचे दोन ढीग करायचे. प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारायचा: हा नियम लागेल तेव्हा माणसाला तो शोधून वाचायला वेळ आणि मन असेल का? प्रसूती रजेचे आठवडे, रजेची शिल्लक, सणांच्या सुट्ट्यांची यादी या गोष्टी माणूस निवांतपणे पोर्टलवर पाहू शकतो, आणि पाहतोही. पहाटेचा ताप, कॅबमध्ये कुणी केलेली लगट, ग्राहकाच्या खात्याचा पडदा समोर असताना वाजलेला फोन, इथे शोधायला वेळ नसतो. हा दुसरा ढीग म्हणजे व्हिडिओचा खरा विषय. पहिला ढीग एका पानाच्या तक्त्यात आणि पोर्टलवर जातो. व्हिडिओने त्याचा पत्ता तेवढा दाखवायचा.

दुसरा ढीगही छोटाच ठेवावा लागतो. माणसाचं मन एका वेळी साधारण चार नव्या गोष्टी हाताळू शकतं, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं. त्याआधी जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘सात, दोन इकडे-तिकडे’ हा आकडा प्रसिद्ध होता. प्रत्यक्ष कामात मला कोवानांचा आकडा जवळचा वाटतो. ठाण्याच्या या व्हिडिओत आम्ही चारच प्रसंग ठेवले: अचानक येता न येणं, आधी ठरलेली रजा, ग्राहकाची माहिती, आणि कुणाच्या वागण्याचा त्रास होणं. एचआरच्या प्रमुख बाईंना हे सुरुवातीला पटलं नाही. पोशाख, वेळेवर येणं, समाजमाध्यमं, भेटवस्तू हे सगळं वगळायचं? वगळायचं नाही, दुसऱ्या ढिगात ठेवायचं, हे त्यांना पटवण्यात बरेच दिवस गेले. माझ्या मते संहितेतलं सर्वांत अवघड काम हेच आहे. वाक्य सोपं करणं त्या मानाने हलकं.

मग लेखन. आठवणीत राहायचा नियम प्रसंगापासून सुरू व्हावा लागतो, कारण तो आठवायचा असतो त्या प्रसंगातच. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं आहे की, ‘मी अमुक करीन’ असा नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं जोडून ठरवलं तर ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. प्रसंगच आठवण करून देतो. त्यामुळे तापाचा नियम आम्ही असा बांधला.

दृश्य: अंधारी खोली. मोबाइलच्या उजेडात पहाटेचे पावणेपाच. मुलगा उठून बसतो, कपाळाला हात लावतो. त्याची शिफ्ट सातची आहे. अंगठा व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथेच थांबतो.

आवाज: “आज जाणं जमणार नाही. तुम्ही काय कराल?”

पडद्यावर तीन पर्याय: ग्रुपवर टाकेन. टीम लीडरला फोन करेन. बरं वाटलं की कळवेन. आवाज थांबतो. पाच सेकंद काहीच बोललं जात नाही.

आवाज: “टीम लीडरला फोन. शिफ्ट सुरू व्हायच्या दोन तास आधी. फोन उचलला नाही तर त्यांनाच मेसेज टाका आणि शिफ्ट डेस्कला फोन करा. ग्रुपवरचा मेसेज धरला जात नाही.”

पडद्यावर फक्त: फोन. दोन तास आधी.

या तुकड्यातल्या दोन गोष्टींवर हटकून वाद होतो. पहिली, ते पाच सेकंद. व्हिडिओ बनवणाऱ्यांना ती रिकामी जागा सलते, आणि ते तिथे संगीत घालायला बघतात. घालू नये. त्या पाच सेकंदांत बघणारा स्वतः उत्तर शोधतो, आणि आठवणीचं काम तिथे होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून पुढच्या वेळा कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणाऱ्यांनी साधारण ६१ टक्के मजकूर सांगितला, वाचणाऱ्यांनी ४० टक्के. नवा कर्मचारीही नियम ऐकतो पाच मिनिटांपूर्वी आणि वापरतो काही आठवड्यांनी. त्याच्या कामाचा निकाल दुसरा आहे.

दुसरा वाद पडद्यावरच्या मजकुराचा. कायदा विभागाला वाटतं, आवाजात जे आहे ते सगळं पडद्यावरही दिसावं, म्हणजे कुणाला ‘ऐकू आलं नाही’ म्हणता येणार नाही. पण डोळे एका वेगाने वाचतात आणि आवाज दुसऱ्या वेगाने चालतो. दोन्ही शब्द सारखेच असले की मन त्यांची जुळवाजुळव करत राहतं आणि अर्थाकडे त्याचं लक्ष राहत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्दांतून शिकण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्रासोबत आवाज असताना तोच मजकूर पडद्यावर लिहिल्याने शिकणं सहसा घटतं, असं त्यांतून दिसलं. म्हणून पडद्यावर दोन-तीन शब्द, तेही आवाज संपताना. ज्यांना ऐकू येत नाही किंवा भाषा नवी आहे त्यांच्यासाठी उपशीर्षकं चालू करायची सोय वेगळी ठेवावी, आणि पूर्ण धोरण पोर्टलवर असावं.

आता आधी ठरलेल्या रजेचा प्रसंग. जुन्या संहितेत त्याचा नियम चार शब्दांचा होता: आधी मंजुरी, मग तिकीट. ऐकायला छान, लक्षात राहायला सोपा. पण पेटीतल्या पत्रांत दिसलं की पावसाळ्यात रुजू झालेली बरीच मुलं याच नियमावर अडत होती. गणपतीला गावी जायचं तर कोकण रेल्वेचं तिकीट आरक्षण उघडताच काढावं लागतं, आणि रेल्वेचं आरक्षण उघडतं ६० दिवस आधी. गणपती ऑगस्टच्या शेवटी असले की जूनअखेरीस तिकीट काढून झालेलं असतं. जुलैत नोकरी लागते. म्हणजे नियम ऐकण्याआधीच तो मोडलेला असतो. मग मुलगा गप्प राहतो, आयत्या वेळी सांगतो, आणि टीम लीडर संतापतो.

तेव्हा नियमाला एक ओळ जोडली: “रुजू होण्याआधीच ठरलेला प्रवास, लग्न, परीक्षा असेल तर पहिल्याच आठवड्यात पोर्टलवर टाका.” ही ओळ लिहिण्यासाठी कंपनीला आधी ठरवावं लागलं की अशा अर्जांचं ती काय करणार. तोवर ते कुणी ठरवलंच नव्हतं.

पैशाचा हिशेबही एकदा डोळ्यांसमोर घातला. किरकोळ रजा, म्हणजे ज्याला सगळे कॅज्युअल म्हणतात ती, त्याच कायद्याप्रमाणे वर्षाला आठ दिवस मिळते आणि तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते. तिमाहीला दोन दिवस. जुलैत आलेल्या मुलाच्या खात्यात सप्टेंबरपर्यंत हे दोनच दिवस असतात. त्याने गणपतीला मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस घेतले, त्यांतल्या एका दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी आली, तर रजेचे उरले तीन. दोन दिवस खात्यातून गेले, एक विनावेतन. पगार १८,००० आणि कंपनी महिना ३० दिवसांचा धरत असेल तर कापले जातात ६०० रुपये. हा हिशेब दृश्यात बोटांवर मोजून दाखवला. पूर्वी पगाराच्या दिवशी जी भांडणं व्हायची त्यातली कितीतरी ‘मला आधी सांगितलं असतं तर’ याच स्वरूपाची होती. रजा घेऊच नका असा त्याचा अर्थ नाही. किती कापले जातील हे कळून घ्या, एवढंच सांगायचं होतं.

याच हिशेबात एक अनपेक्षित गोष्ट उघडी पडली. शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरायचे, ज्याला ऑफिसांत सँडविच म्हणतात, तो नियम जुन्या व्हिडिओत एका लांबलचक वाक्यात होता. त्याचं उदाहरण लिहायला घेतलं तेव्हा एचआरने चार दिवस मोजले, पगार विभागाने दोन, आणि एका टीम लीडरने सांगितलं की तो सोमवारी आजारी असल्याचं दाखवायला सांगून प्रश्न मिटवतो. तिघेही प्रामाणिकपणे बोलत होते. नियम नीट ठरलेलाच नव्हता आणि लांब वाक्याने ते झाकून ठेवलं होतं. कायद्याने मिळणाऱ्या रजेत मधल्या सुट्ट्या धरता येतील का, हा प्रश्न कंपनीने सल्लागाराकडे पाठवला आणि उत्तर येईपर्यंत तो नियम व्हिडिओबाहेर ठेवला. आता मी प्रत्येक नियमाला हीच कसोटी लावते. नावगाव, वार आणि रुपये घालून उदाहरण लिहिता आलं नाही तर संहिता थांबवायची आणि नियम ठरवणाऱ्यांना बोलवायचं.

ग्राहकाच्या माहितीचा प्रसंग छोटा होता. पडदा उघडा असताना मोबाइल टेबलावर काढायचा नाही, आणि अडचण दाखवायला म्हणून पडद्याचा फोटो कधीच नाही. मुलं फोटो काढतात ते चोरी करायला नाही. सिस्टिममध्ये आलेली चूक सीनियरला दाखवायला काढतात. म्हणून ‘माहिती चोरू नका’ हा इशारा त्यांना आपल्यासाठी वाटतच नाही. चूक आली तर फोटोऐवजी काय करायचं ते दाखवलं, आणि पुढे गेलो.

चौथ्या प्रसंगाला सर्वांत जास्त वेळ दिला. लैंगिक छळाबद्दलचा जुना भाग भीतिदायक संगीताने सुरू होत होता. कंपनी असं वर्तन खपवून घेणार नाही हे तीन वेळा येत होतं, मग निषिद्ध गोष्टींची यादी, आणि शेवटी: “खोटी तक्रार केल्यास कठोर कारवाई होईल.” पहिलीच नोकरी करणाऱ्या मुलीने हे ऐकलं तर तिच्या मनात काय उरेल? शेवटचं वाक्य. आणि ते अर्धंच आहे. २०१३ च्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, हे खरं. पण त्याच कलमात असंही लिहिलं आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करण्याची गरज नाही. जुन्या संहितेने पहिला अर्धा सांगितला आणि दुसरा गाळला. हे कुणी मुद्दाम केलं नसेल, पण त्यामुळे दार बंद होत होतं. आम्ही दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली, आणि प्रसंगाच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवली.

शिवाय असं वागणं वाईट आहे हे सांगायला व्हिडिओ लागत नाही. नव्या मुलीला जे माहीत नसतं ते वेगळंच असतं. सांगायचं कुणाला? त्रास देणारा टीम लीडरच असेल तर? हे ऑफिसच्या कॅबमध्ये घडलं, ऑफिसात नाही, मग चालेल का? मी अजून प्रोबेशनवर आहे, मला हक्क आहे का? लगेच बोलले नाही, आता उशीर झाला का? हे प्रश्न एचआरकडे आलेल्या पत्रांत नव्हते. असे प्रश्न लिहून येत नाहीत. ते आम्ही अंतर्गत समितीवरच्या बाहेरच्या सदस्य बाईंकडून मिळवले. त्यांनी अशा कितीतरी मुलींचं बोलणं ऐकलं होतं.

उत्तरं कायद्यात स्पष्ट आहेत, म्हणून प्रसंगही त्यांच्यावरच बांधला. रात्रीची कॅब, मागच्या सीटवर एक मुलगी, शेजारी सीनियर सहकारी. गैरवर्तन दाखवलं नाही. तिने बॅग मध्ये घेतली आणि खिडकीकडे सरकली, एवढंच. ज्यांना असा अनुभव आला आहे त्यांनाही हा व्हिडिओ बसून बघायचा असतो, हे आम्ही विसरलो नाही. मग प्रश्न: “हे कॅबमध्ये घडलं. तक्रार करता येते?” पाच सेकंद. “येते. कंपनीने दिलेलं वाहन कायद्याने कामाची जागाच आहे. तुम्ही कायम असा, प्रोबेशनवर असा किंवा कंत्राटी, तक्रार थेट अंतर्गत समितीकडे करता येते. टीम लीडरला विचारावं लागत नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लिहून द्या. लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची असते.” त्या मुदतीत जमू न देणारं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते, तक्रारीचा मजकूर बाहेर प्रसिद्ध करता येत नाही, हे सगळं तक्त्यावर गेलं. लक्षात ठेवायला पडद्यावर दोनच गोष्टी राहिल्या: थेट समितीकडे. तीन महिने.

कायद्याचं संरक्षण स्त्रियांना आहे, हेही आवाजात सांगितलं, कारण मुलगेही समोर बसलेले असतात. त्यांना त्रास झाला तर कंपनीच्या स्वतःच्या आचारनियमांखाली कुणाकडे जायचं, ते त्याच प्रसंगात एका वाक्यात आलं. हे वाक्य गाळलं तर अर्धी खोली ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून लक्ष काढून घेते.

समितीच्या सदस्यांची नावं आवाजात घेतली नाहीत. सदस्य बदलतात, त्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, आणि जुनं नाव सांगणारा व्हिडिओ मुलीला नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे पाठवतो. समितीचा आदेश दर्शनी जागी लावणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. म्हणून कॅमेरा सरळ त्या फलकापर्यंत चालत नेला: लिफ्टमधून बाहेर, पाण्याच्या कूलरच्या उजवीकडे. चित्रीकरणाच्या दिवशी फलकावर जुनी यादी निघाली. ती बदलून मगच शॉट घेतला.

सगळी संहिता सहा मिनिटांच्या आत बसली, आणि चार प्रसंगांचे चार सुटे तुकडे केले. माझ्या कानाला मराठी निवेदन मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या वर गेलं की पळायला लागतं, त्यामुळे शब्दांचं बजेट आधीच ठरतं. तुकडे सुटे असण्याचा फायदा पुढे होतो. नियम बदलला तर एकच तुकडा नव्याने करावा लागतो, आणि एका आठवड्याच्या अंतराने एकेक तुकडा पुन्हा फोनवर पाठवता येतो. शिकलेलं कसं झपाट्याने विसरतं आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी कशी टिकते, हे जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. तरी आपण सगळं एका सकाळी उरकतो.

परीक्षा मात्र नीट घ्यावी लागते. व्हिडिओ संपल्यावर लगेच दहा प्रश्नांची चाचणी घेतली की सगळे पास होतात आणि सगळ्यांना बरं वाटतं. रॉडिगर-कार्पिकींचे पाच मिनिटांनंतर पुढे असलेले वाचणारे आठवले की त्या निकालावर किती विसंबायचं ते कळतं. ठाण्यात आम्ही आठव्या दिवशी विचारलं, आणि ‘किरकोळ रजा किती?’ असं विचारलंच नाही. “तुझी शिफ्ट दुपारी तीनची आहे. एक वाजता तुझी बहीण पडली, तू तिला दवाखान्यात घेऊन चाललायस. काय करशील?” यात मेख अशी की दोन तासांची वेळ उलटत आलेली आहे. नियम पाठ असलेला मुलगा गोंधळतो, समजलेला म्हणतो, “आत्ताच फोन करतो.” बऱ्याच जणांनी फोन म्हटलं. पण काहींनी चाचरत सांगितलं की वेळ निघून गेली म्हणून आता कळवून उपयोग नाही. हा अर्थ आमच्याच वाक्यातून निघाला होता. म्हणून निवेदनात एक ओळ वाढली: “उशीर झाला तरी फोन करा.”

एक गोष्ट मात्र संहितेने सुटली नाही. रात्रपाळीच्या एका टीममध्ये मुलं महिनाभराने पुन्हा ग्रुपवरच कळवायला लागली. त्यांना नियम विचारला तर बिनचूक सांगत. चौकशी केल्यावर कळलं, त्यांचा टीम लीडर स्वतः ग्रुपवरच्या मेसेजला अंगठा दाखवून रजा धरत होता, कारण पहाटे पाचला आठ फोन घेण्यापेक्षा ते सोपं. त्याचंही चुकीचं म्हणता येत नाही, त्याच्या जागी आठ फोन मलाही जड गेले असते. रोज समोर दिसणारी रीत आणि व्हिडिओतला आवाज यांच्यात जुळलं नाही तर माणूस रीतच धरतो. कंपनीने मग रात्रपाळीसाठी शिफ्ट डेस्कवर एक माणूस फोन घ्यायला बसवला आणि टीम लीडरचा फोन दुसऱ्या क्रमांकावर टाकला. तापाच्या तुकड्यातलं निवेदन रात्रपाळीपुरतं बदललं: आधी शिफ्ट डेस्क, मग टीम लीडरला मेसेज. तो तुकडा आधी टीम लीडर मंडळींना दाखवला आणि नंतर नव्या मुलांना.